सहा महिन्यांचा पगार की चार महिन्यांचा खर्च?

ताई, वय 24, हिंजवडीत पहिली नोकरी, हातात 42 हजार येतात. वाकडला मित्रांसोबत फ्लॅट, गावी 8 हजार पाठवतो, एज्युकेशन लोनचा हप्ता 6,500. बँकेत 35 हजार आहेत. ऑफिसात सगळे एसआयपी करतात. कोणी म्हणतं नोकरी गेली तर हाताशी असावा म्हणून आधी सहा महिन्यांचा पगार बाजूला काढ, म्हणजे अडीच लाख! त्यात दोन वर्षं जातील. तोवर मार्केटमध्ये काहीच टाकू नको का?

अरे, पहिलं म्हणजे पगार मोजूच नकोस, नोकरी गेली तरी थांबत नाही तो खर्च मोज. तुझा हप्ता 6,500, गावचे 8 हजार, भाडं-लाइट-वायफाय धरून समजा 9,500, मेस आणि किराणा 5 हजार, पेट्रोल-मोबाइल अडीच हजार, झाले 31,500. वीकेंडचं हॉटेल, लोणावळा, नवे शूज यात नाही धरायचे, ते त्या काळात आपोआप बंद होतात. गावच्या 8 हजारांबद्दल मात्र आईशी एकदा नीट बोल, त्यातले औषधांना, घरखर्चाला किती लागतात आणि बाजूला किती पडतात ते. मी पूर्ण धरलेत, कारण नेमकं तेव्हाच घरी नाही म्हणायची वेळ येऊ नये.

आता महिने किती? लोक म्हणतात नोटिस पिरियड 90 दिवसांचा आहे, तेवढा वेळ मिळेलच. तो तू सोडतोस तेव्हा. कंपनी काढते तेव्हा किती दिवसांचे पैसे देईल ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये वेगळं लिहिलेलं असतं, आजच काढून बघ, कधीकधी ते एका महिन्याच्या बेसिकवर भागवतात, आणि बेसिक म्हणजे तुझे 42 हजार नव्हेत. तुझ्या अनुभवाला इंटरव्ह्यूचे राउंड, ऑफर, कागदपत्रं यात अडीच-तीन महिने धर, आणि जॉइन झाल्यावर पहिला पगार महिनाअखेरीलाच येतो हे सगळे विसरतात. म्हणून चार महिने. 31,500 चोक 1 लाख 26 हजार. बायको-मुलं, होम लोन असतं तर मी सहाच सांगितले असते, तुला नाही सांगत.

तुझ्याकडे 35 आहेत, म्हणजे 91 हजार कमी. पगारातून उरतात साडेदहा, त्यातले 9 हजार टाकलेस तर साधारण दहा महिने, मध्ये बोनस आला तर आणखी कमी. आणि हो, तोवर मार्केटमध्ये काहीच टाकू नकोस असंच माझं मत आहे.

थांबल्याने नुकसान किती होईल ते काढून बघू. हेच 9 हजार दर महिन्याला एसआयपीत गेले आणि मार्केटने वर्षाला 12 टक्के दिले असं धरलं (देईलच असं नाही), आणि एफडीने साडेसहा दिले, तर दहा महिन्यांत फरक पडतो दोन-सव्वादोन हजारांचा, बस्स. उलट हा अडीअडचणीचा फंड नसताना अडकलास आणि 60 हजार क्रेडिट कार्डवर तीन महिने फिरवलेस, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याजच 6,300 होतं, वर जीएसटी.

मग एसआयपीच विकू म्हणशील, पण मंदी आली की नोकऱ्या आणि मार्केट पुष्कळदा एकदमच पडतात. 2020 च्या जानेवारीत निफ्टी 12 हजारांच्या वर होता, 23 मार्चला 7,610 वर बंद झाला. त्या आठवड्यात ज्याला भाड्यासाठी युनिट्स विकावी लागली त्याचा तोटा कायमचा झाला, ज्याला थांबता आलं त्याचा पैसा त्याच वर्षअखेरपर्यंत वर आला.

पैसे ठेवायचे कुठे तर एका महिन्याचे वेगळ्या बँकेच्या सेव्हिंगमध्ये, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. बाकीच्या 20-20 हजारांच्या वेगवेगळ्या एफडी कर, म्हणजे गरज पडली तर एकच मोडायची, आणि मोडल्यावर साधारण अर्धा-एक टक्का व्याज कमी मिळतं, मुद्दल जात नाही. फक्त टॅक्स सेव्हिंग एफडी चुकूनही नको, ती पाच वर्षं मोडता येत नाही.

एक राहिलं, एचआरला मेल करून विचार की कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-बाबा आहेत का. नोकरी सुटली की ते कव्हरही सहसा शेवटच्या दिवशी संपतं, त्यामुळे एसआयपीच्या आधी, जमलं तर या दहा महिन्यांतच, स्वतःची एक साधी हेल्थ पॉलिसी घे. आई-बाबा कव्हरमध्ये नसतील तर 1 लाख 26 हजारांवर आणखी 30 हजार धर, कारण कॅशलेस नसेल तर हॉस्पिटलचं डिपॉझिट तुलाच भरावं लागेल.