स्पायडर प्लांटची तपकिरी टोके

म्हापशातल्या घरी स्पायडर प्लांटच्या पानांची टोके तपकिरी, कुरकुरीत होतात. कारण नळाच्या पाण्यातले क्षार की कोरडी हवा?

झाड एसीच्या झोतात नसेल, तर गोव्याच्या दमट हवेत माझा संशय आधी क्षारांवर जातो, कारण पानांतून पाणी उडून जाते आणि त्यासोबत वर आलेले फ्लोराइड व खतातले क्षार टोकाशी साचून तिथल्या पेशी मारतात. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने फ्लोराइड जात नाही, उकळल्याने तर ते अधिक दाट होते. खात्रीसाठी झाडाची दोन पिले सारख्या मातीत, शेजारी लावा आणि खत न देता एकाला साठवलेले पावसाचे, दुसऱ्याला नळाचे पाणी दोन महिने घाला. नळाच्याच पाण्यावरची नवी पाने टोकाला करपली, तर दोष पाण्याचा आहे. जुनी टोके मात्र पुन्हा हिरवी होत नाहीत.