जर्मनीत चार्जिंग ॲप वापरायला घेतलंय. Typ 2, CCS, €/kWh आणि Blockiergebühr हे सगळं नेमकं कसं वाचायचं?

आधी Blockiergebühr, म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ गाडी चार्जरला लावून ठेवल्याचं शुल्क, ते वाचा, दर नंतर. मी स्टुटगार्टमध्ये राहते आणि एका रात्रीत ५० युरो यातच घालवलेत.

प्लगचं फारसं अवघड नाही. Typ 2 म्हणजे हळू, बहुतेक ठिकाणी केबल आपली. CCS म्हणजे फास्ट, केबल चार्जरलाच लावलेली, दर चढा. फक्त Typ 2 पुढच्या २२ किलोवॅटवर जाऊ नका, तो आकडा चार्जरचा आहे. माझी गाडी ११ च घेते, बऱ्याच गाड्यांचं तसंच आहे.

त्या दिवशी घराजवळ दोन चार्जर होते. एकाचा दर ०.५९ युरो, दुसऱ्याचा ०.६४. आमचे भाऊजी (माझे दीर, म्युनिकला असतात) कायम सांगायचे, "वहिनी, kWh चा दर बघायचा, बाकी सगळं बारीक अक्षर." म्हणून स्वस्ताला लावली. संध्याकाळी साडेसहाला प्लग केला, ३३ युनिट भरायला तीन तास, म्हणजे साडेनऊला गाडी फुल. सकाळी ६:५० ला काढली.

बिलात विजेचे १९.४७ युरो आणि खाली वेगळी ओळ, ५० युरो. ॲपमध्ये दराखाली करड्या अक्षरात हे होतं:

```
Blockiergebühr: 0,10 €/Min. ab 240 Min.
```

म्हणजे २४० मिनिटांनंतर दर मिनिटाला ०.१० युरो. मला वाटलं होतं, चार्जिंग संपल्यावर चार तास मिळतात. तसं नाही. घड्याळ प्लग लावल्यापासून चालू होतं. साडेदहाला चार तास संपले, तिथून सकाळपर्यंत ५०० मिनिटं. शेजारच्या चार्जरवर हे शुल्कच नव्हतं, तिथे सगळे मिळून २१.१२ युरो झाले असते. कंपनीला मेल केला, उत्तर आलं की अटी ॲपमध्ये होत्या. होत्या, पण kWh चा दर तेवढा किंमत म्हणून ठळक दाखवायचा आणि हे दडवायचं, हे मला आजही पटत नाही.

म्हणून हिशोब असा करा: चार तास गुणिले तुमची गाडी खरोखर घेते तितके किलोवॅट. ११ वाल्या गाडीला ४४ युनिट. त्याहून जास्त भरायचं असेल तर चार्जिंग चालू असतानाच दंड सुरू होतो. प्लग-इन हायब्रिड ३.७ नेच घेत असेल तर जेमतेम १५ युनिट.

हे सगळीकडे सारखं नसतं, तेही सांगते. काही ठिकाणी रात्री शुल्क लागत नाही, काहींनी कमाल मर्यादा ठेवली आहे, फास्ट चार्जरवर मुदत बऱ्याचदा कमी असते. शिवाय दर आणि अटी तुमच्या ॲपच्या असतात. त्याच चार्जरवर दुसऱ्या ॲपमध्ये दोन्ही वेगळे दिसू शकतात.

भाऊजींचं अजून म्हणणं आहे की चूक माझी, रात्री खाली उतरून प्लग काढायला हवा होता. पण साडेनऊला ॲपने फक्त "चार्जिंग पूर्ण" एवढंच कळवलं होतं. साडेदहाला मीटर सुरू होतोय, हे कुठेच नाही.