उजवं वळण दाखवताना

दुचाकी चालवण्याच्या नियमांवरच्या तुझ्या लघुपटाची पटकथा वाचली. नायिकेचा घर ते कॉलेज हा प्रवास छान आहे, पण तीन मिनिटांत सगळेच नियम कोंबू नकोस. हेल्मेट आणि एक उजवं वळण, एवढंच घे.

हेल्मेट डोक्यावर चढवताना सगळेच दाखवतात, पट्टा मात्र कुणी दाखवत नाही. कॅमेरा हनुवटीजवळ ने. बक्कल 'टक्' वाजू दे. मग तिने पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून पाहावीत आणि हेल्मेट मागून पुढे ढकलून बघावं. पट्टा सैल असेल तर ते निघून येतं, आणि पडताना नेमकं तेच होतं.

आता वळण. तू इंडिकेटर वळताना लावलायस, तो उशीर झाला. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंद आधी सांगायचं तर साधारण ३३ मीटर अलीकडेच दिवा लागायला हवा. क्रम असा ठेव: आरसा, इंडिकेटर, उजव्या खांद्यावरून एक नजर, मग हळूहळू रस्त्याच्या मध्याकडे. आरशात न दिसणारी रिक्षा त्या नजरेतच दिसू दे.

वळल्यावर बहुतेक दुचाकींचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. तुझं खरं नाट्य इथे आहे. तो लुकलुकत राहतो, पुढच्या गल्लीतला स्कूटरवाला ती आत वळणार समजून बाहेर येतो. हा प्रसंग रिकाम्या मैदानात, अगदी सावकाश चित्रित कर आणि दोन्ही गाड्या एका चौकटीत आणू नकोस, संकलनात जोड.