कर्जाची प्रोसेसिंग फी एकदम खर्चात टाकू नका

वागळे इस्टेटमधल्या तुमच्या कंपनीला इंड एएस १०९ हे लेखा मानक लागू आहे, म्हणून सांगतो. समजा कर्ज १० लाख, व्याज १०%, मुदत ३ वर्षं, मुद्दल शेवटी, फी २०,००० कापून घेतलेली. मग कर्ज ९,८०,००० नेच नोंदवा. एक्सेलमध्ये:

```
=RATE(3,-100000,980000,-1000000)
```

दर येतो साधारण १०.८२%. पहिल्या वर्षी ९,८०,००० वर खर्च सुमारे १,०६,०००. बँकेला दिले १ लाख, उरलेले ६,००० कर्जाच्या शिलकीत मिळवा. पुढे ६,६०० आणि ७,४००.

नवखे दोन ठिकाणी हमखास चुकतात:
- फीचे सरळ तीन समान भाग करतात.
- नवा दर १० लाखांवर लावतात.

तिसऱ्या वर्षअखेर शिल्लक बरोबर १० लाख आली नाही, तर तक्ता पुन्हा तपासा. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर तो फीत धरू नका.