कण घातले, ताकद वाढली, पण लांबणी गेली

प्रश्न: ६०६१ अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूमध्ये २० टक्के (आकारमानाने) सिलिकॉन कार्बाइड, कण साधारण १० मायक्रॉन. स्टर कास्टिंग, मग एक्सट्रूजन आणि टी-६. यील्ड फक्त ६०-७० मेगापास्कलने वाढली आणि नमुना २ टक्क्यांवरच तुटतो. भार कण उचलतात ना? मग कण आणखी बारीक घेऊ का?

कण भार उचलतात, पण तुम्ही समजता तितका नाही. भार कणात शिरतो तो पृष्ठभागावरच्या कातर ताणातून, आणि त्यासाठी कणाला लांबी लागते. लांब तंतूला ती मिळते, गोलसर कणाला मिळत नाही. अशा कणासाठी ढोबळ सूत्र `Δσ = 0.5·Vf·σm` धरा. मॅट्रिक्सची यील्ड २७५, Vf ०.२, म्हणजे वाढ २७ मेगापास्कल. भारवहन खरं दिसतं ते ताठरपणात. इलास्टिक मॉड्युलस ७० वरून १०० गिगापास्कलच्या आसपास जातो की नाही ते मोजा. बराच कमी आला तर पोरॉसिटी किंवा सुटलेले कण शोधा.

उरलेली वाढ क्वेंचमध्ये तयार होते. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला सुमारे २३ × १०⁻⁶ आकसतं, सिलिकॉन कार्बाइड जेमतेम ४ × १०⁻⁶. ५३० अंशांवरून पाण्यात टाकलं की कणाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम आकसायला बघतं आणि कण त्याला आकसू देत नाही. जवळजवळ १ टक्का विसंगत स्ट्रेन तयार होतो. तो लवचीकपणे पेलवत नाही, म्हणून कणाच्या कडेला डिसलोकेशन फुटतात. त्यांची घनता अशी, b म्हणजे बर्गर्स व्हेक्टर आणि d म्हणजे कणाचा व्यास:

`ρ = 12·Δα·ΔT·Vf / [b·d·(1−Vf)]`

तुमचे आकडे घातले की ρ सुमारे १०¹³ प्रति चौरस मीटर येते. `Δσ = 1.25·G·b·√ρ` मध्ये टाकलं की जवळपास ३० मेगापास्कल. दोन्ही मिळून ५७. म्हणजे तुमचा नमुना ताकदीत फसलेला नाही, हिशोबाला धरूनच आहे. (१२ हा गुणक समआकार कणांसाठीचा आहे, त्यामुळे दशांशापर्यंत ताणू नका.)

इथे एक गोष्ट सहसा सुटते. हीच डिसलोकेशन एजिंगमध्ये अवक्षेपांना बसायला तयार जागा देतात, त्यामुळे कंपोझिटचा शिखर कडकपणा साध्या ६०६१ च्या आधी येतो. आम्ही एकदा साध्या मिश्रधातूचंच वेळापत्रक, १७५ अंशांवर ८ तास, डोळे झाकून वापरलं आणि कमी कडकपणाचा दोष आठवडाभर कास्टिंगला देत बसलो. नमुने प्रत्यक्षात ओव्हरएज झाले होते. दर तासाला एक तुकडा काढून कडकपणाचा आलेख काढा आणि वेळ त्यावरून ठरवा.

आता लांबणी. कण स्वतः ताणला जात नाही, म्हणून सगळा स्ट्रेन उरलेल्या ८० टक्क्यांना झेलावा लागतो, तोही सारखा वाटून नाही. कणांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत तो कित्येक पट असतो. तरी कण नीट पसरलेले असतील तर ४-५ टक्के मिळू शकतात. २ टक्के म्हटलं की मला आधी घोळक्यांचा संशय येतो. घोळक्यात अडकलेल्या अ‍ॅल्युमिनियमला तिन्ही बाजूंनी ताण असतो, त्याला वाहायला जागाच नसते. पोकळी तिथे लवकर उघडते आणि शेजारच्या पोकळीला जाऊन मिळते.

तुटलेले दोन्ही पृष्ठभाग एसईएमखाली शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच कणाचे सपाट अर्धे दोन्ही बाजूंना समोरासमोर दिसले तर कण तडकला आहे: बंध चांगला, पण कण मोठे. एका बाजूला अख्खा कण आणि दुसऱ्या बाजूला त्याच मापाचा रिकामा खळगा असेल तर कण सुटला आहे. त्या कणाच्या अंगावर ठिसूळ अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड आहे का पाहा. ६०६१ मध्ये सिलिकॉन कमी असल्यामुळे वितळलेला धातू जास्त वेळ किंवा जास्त तापवून कणांसोबत ठेवला की ते सहज तयार होतं. आणि एकाच जागी दहा-बारा कण एकमेकांना टेकलेले, मध्ये धातूच नाही, असं दिसलं तर घोळके.

बारीक कणांचं म्हणाल तर सूत्रात d खाली आहे. १ मायक्रॉनला डिसलोकेशनचा वाटा ३० वरून ९० च्या वर जातो, आणि छोटा कण तडकतही कमी. कागदावर दोन्हीकडून फायदा. पण १ मायक्रॉनची पूड वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये भिजत नाही, गुठळ्या होऊनच आत जाते, आणि त्या गुठळ्या म्हणजे वर सांगितलेले घोळके. त्या मापासाठी पावडर मेटलर्जी लागेल, आणि तिथेही अ‍ॅल्युमिनियमची पूड सिलिकॉन कार्बाइडपेक्षा फार जाड घेतली तर बारीक कण मोठ्या दाण्यांच्या फटींत जाऊन बसतात.

तुमच्या जागी मी १० मायक्रॉनच ठेवीन, पण चाळून २० च्या वरचे कण काढीन, Vf १५ टक्क्यांवर आणीन आणि एक्सट्रूजनचं गुणोत्तर वाढवून घोळके फोडीन. याने यील्ड हिशोबाने १०-१५ मेगापास्कल उतरेल. आधी फक्त ही तुकडी घालून ताणून बघा, एजिंगची वेळ बदलूनच.