रुजू अहवाल देताना

प्रिय मित्रा,

गोंदियाहून नागपूरला बदली झाली आणि कार्यमुक्ती आदेशही हातात पडला, हे कळलं. रुजू अहवाल एकच पान असतो. पण सेवापुस्तकातली नोंद, पहिला पगार आणि मधल्या दिवसांचा हिशोब, तिन्ही त्यावरूनच ठरतात. म्हणून दुसऱ्याच्या अहवालातली नावं बदलून तो उतरवू नकोस.

संदर्भात दोन आदेश हवेत: आधी बदली आदेश, मग कार्यमुक्ती आदेश. पुष्कळ जण नुसता बदली आदेश लिहितात. त्यातून तुला कुठे पाठवलं ते कळतं, जुन्या कार्यालयाने कधी सोडलं ते नाही. नव्या आस्थापना लिपिकाला तीच तारीख हवी असते. क्रमांक लिहिताना आदेशाच्या डोक्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख जशीच्या तशी उतरव, तिरकी रेघसुद्धा सोडू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या प्रतीवर कधीकधी क्रमांकच नसतो, म्हणून सही-शिक्क्याची प्रत समोर ठेवूनच लिही.

मजकूर असा पुरे:

"उपरोक्त संदर्भ क्र. 1 अन्वये माझी बदली आपल्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक या पदावर झाली असून, संदर्भ क्र. 2 अन्वये मला दि. 29 मे 2026 रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात आले आहे. त्यानुसार मी आज दि. 1 जून 2026 रोजी मध्यान्हपूर्व सदर पदावर रुजू होत आहे. कृपया रुजू करून घ्यावे, ही विनंती."

यातले मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर हे दोन शब्द नीट बघ. 29 मे शुक्रवार. मध्यान्होत्तर सोडलं, म्हणून तो दिवस गोंदियाच्या खात्यात. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी सकाळी पावणेदहाला सिव्हिल लाईन्सच्या कार्यालयात पोचलास आणि मध्यान्हपूर्व लिहिलंस, तर 1 जूनपासून काम नागपूरचं. आता समज गाडी रखडली आणि तू दुपारी दोनला पोचलास. मग मध्यान्होत्तरच लिहायचं, आणि नव्या पदाचा हिशोब 2 जूनपासून धरला जाईल. 1 जून पदग्रहण अवधीत बसवावा लागेल. हा अवधी 1981 च्या पदग्रहण अवधी नियमांनुसार मिळतो, पण आधी बदली आदेश उघडून बघ. त्यात 'विनंतीवरून' असा शब्द असेल, तर पदग्रहण अवधी आणि बदली प्रवासभत्ता या दोन्हींबाबत लिपिकाला विचारल्याशिवाय काही गृहीत धरू नकोस. खोटं मध्यान्हपूर्व लिहिण्याचा मोह टाळ. हजेरीपुस्तकात किंवा बायोमेट्रिकमध्ये वेळ उमटलेली असते, आणि दोन कागद जुळले नाहीत की त्रास तुलाच होतो.

अहवालाच्या तीन प्रती कर: एक कार्यालयाला, एक गोंदियाला पाठवायला, एक तुझी. तुझ्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. साहेब दौऱ्यावर असले म्हणून अहवाल शिपायाकडे ठेवून निघू नकोस. तो आवक शाखेतच दे, म्हणजे तारीख पक्की होते. सोबत दोन्ही आदेशांच्या छायाप्रती जोड.

अंतिम वेतन प्रमाणपत्र गोंदियाहून निघताना मिळालं नसेल, तर तसं अहवालाच्या शेवटी एका ओळीत लिही. मिळालं असेल, तर वेतन कोणत्या तारखेपर्यंत दिलं ते वाच. महिन्याचं देयक आधीच निघालेलं असल्याने तिथे 31 मे लिहिलेलं असू शकतं. चूक असेलच असं नाही, पण कार्यमुक्ती 29 ची आहे हे लिपिकाच्या नजरेस आणून दे, म्हणजे तेच दोन दिवस दोनदा धरले जाणार नाहीत किंवा सुटणार नाहीत. सेवार्थ प्रणालीत जुन्या कार्यालयाने तुझं नाव सोडल्याशिवाय नव्याला ते घेता येत नाही. पहिला पगार लटकतो तो बहुतेक इथेच. गोंदियाला प्रत पाठवायची ती त्यासाठीच.

एक अवघड प्रसंग सांगून ठेवतो. त्या पदावरचे आधीचे कर्मचारी अजून सुटलेले नाहीत, म्हणून तुला "नंतर या" सांगतील. तोंडी ऐकून परत फिरलास, तर मधले दिवस कशात मोजायचे याचा कागद उरत नाही. अशा वेळीही अहवाल आवक शाखेत देच. रुजू करून घेता येत नसल्याचं लेखी माग. ते दिवस पुढे सक्तीच्या प्रतीक्षेत धरावे म्हणून अर्ज करावा लागला, तर त्या शिक्क्याची प्रत आणि ते उत्तर अर्जाला जोडायचं.

तुझा,
काका