वास नाही म्हणजे चिकन चांगलं?

प्रश्न: रविवारी आणलेलं कच्चं चिकन गुरुवारीही फ्रिजात आहे. वास नाही, बुळबुळीत नाही. शिजवू का?

उत्तर: नको, टाकून द्या. 4 अंशांखालच्या फ्रिजातही कच्चं चिकन दोनच दिवस ठेवावं. वास आणि चिकट थर आणणारे जंतू वेगळे. जुलाब-उलट्या करणाऱ्या साल्मोनेलाला वासच नसतो. म्हणजे आंबूस वास आला तर चिकन गेलंच, पण नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही. त्यातून आलं-लसणाचं वाटण चोळलेलं असेल तर नाकाला काय कळणार? ताजं चिकनही जरा निसरडं असतंच. शिजवून साल्मोनेला मरतो, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही टिकतं. कोकणातल्या पावसात लाईट चार तासांहून जास्त गेली, तर दोन दिवसांचा हिशोबही धरू नका. पुढच्या वेळी आणल्या दिवशीच फ्रीझरात टाका.